शेवटची ओळ आधी

दीड वर्ष माझं नाव ‘नगर’ होतं. कंपनीतला रिवाजच तसा होता. इंटरनेट नवीन, कंपनी नवीन, आणि गावोगाव एकेका खोलीत एकेक माणूस मशीन सांभाळत बसलेला. फोनवर कोण कोणाचं नाव विचारणार? फोन उचलला की गावाचं नाव सांगायचं. “नगर बोलतेय.” “पुणे बोलतोय.” मशीनवरचं खातंही गावाच्याच नावाचं, आणि मेलच्या खाली सही करायची तीही गावाचीच. पहिल्या आठवड्यात मला याचं हसू यायचं. नंतर सवय झाली, आणि सवय झाल्यावर माणूस विचारायच्या गोष्टी विचारायला विसरतो.

दोन हजार सालचा उन्हाळा. मी चोवीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा, आणि नाकावर राग. आई म्हणायची, हिच्या जिभेला धार लावायला दगड नको. घर राहात्याकडे. नोकरीसाठी नगरला आले तेव्हा केडगावात खोली शोधली. पहिल्या घरी आडनाव विचारलं आणि खोली “आत्ताच गेली” म्हणाले. दुसऱ्या घरी आडनाव विचारलं नाही, गाव विचारलं, मग गावात कुठे राहता ते विचारलं, आणि खोली तिथेही गेली. तिसऱ्या घरच्या म्हाताऱ्या मावशींनी एवढंच विचारलं, “पोरी, पानी भरशील ना माझं बी?” मी होय म्हटलं आणि ट्रंक आत ठेवली. भिंतीला दोन फोटो लावले. मावशींनी ते पाहिले, चहा टाकला, आणि विषय तिथेच संपला. पण मावशी आठ वाजता झोपायच्या, त्यामुळे बोलणं असं फारसं व्हायचं नाही.

ऑफिस म्हणजे गावातल्या एका हार्डवेअरच्या दुकानावरची खोली. आत आठ मोडेम, एक राउटर, एक लिनक्सचं मशीन, एक फॅक्स, एक फोन आणि मी. सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. गिऱ्हाईक म्हणजे नागापूरच्या एमआयडीसीतले दहाबारा कारखाने, दोनचार डॉक्टर, एक सायबर कॅफे. ते कोणी खोलीवर येत नसत, ते आमच्या मोडेमला फोन लावत. मोडेम किंचाळायचे, दिवे लुकलुकायचे, आणि मला कळायचं की कोणीतरी आलंय. दिवसभर माणसं येत होती आणि मला एकही दिसत नव्हतं. डबा उघडून मी भिंतीकडे तोंड करून जेवायचे. एकदा तर राउटरला “चल, जेवून घेऊ” म्हणाले आणि मग स्वतःचाच राग आला.

खोलीतून बाहेर जाणारी एकच वाट होती, टेलिफोन खात्याकडून भाड्यानं घेतलेली लीज लाईन, नगर ते पुणे. त्या लाईनच्या दुसऱ्या टोकाला पुण्याच्या ऑफिसातला राउटर, आणि त्या राउटरजवळ एक माणूस. तोच आमचा ‘पुणे’.

आवाजावरून पंचेचाळिशीचे असावेत. थोडा खोकला, थोडा थकवा. रोज सकाळी दहाला फोन यायचा. “नगर, वाचा.” मी लाईनचे आकडे वाचायचे. ते “हं” म्हणायचे. एकेका आकड्याला एकेक “हं”. मी लिनक्स त्यांच्याकडूनच शिकले, फोनवर, एक एक कमांड अक्षर अक्षर सांगून घेत. चुकले की मी चिडायचे, आणि ते म्हणायचे, “रागवा, पण एंटर मारू नका.” कामापलीकडे एक शब्द बोलायचा माणूस नाही तो. पण एका दुपारी दोनच्या सुमाराला बोलता बोलता त्यांनी विचारलं, “नगर, जेवलात का?”

मी नाही म्हटलं. “जेवून घ्या, मग करू,” म्हणाले आणि फोन ठेवला. आता ह्यात काय एवढं? काही नाही. पण नगरला आल्यापासून त्या दिवसापर्यंत मला कोणी ते विचारलं नव्हतं. डबा उघडला आणि रडू आलं. भेंडीची भाजी होती, गार झालेली, आणि मी तीन पोळ्या खाल्ल्या. त्यानंतर ते अधूनमधून विचारायला लागले आणि मी दुपारची वाट बघायला लागले. तसं काही नव्हतं, उगाच कोणी नसती शंका घेऊ नये. एवढ्या मोठ्या गावात माझ्या जेवणाची चौकशी करणारा एकच आवाज होता आणि तो गावाबाहेरचा होता, इतकंच.

मे महिन्यात तक्रारी सुरू झाल्या. नागापूरचा एक कारखाना बाहेरदेशी यंत्राचे सुटे भाग पाठवायचा, त्याची ड्रॉइंगं मेलनं जायची यायची. सकाळी सुरळीत. दुपार झाली की मेल अडकायची, अर्ध्यावर तुटायची, पुन्हा पहिल्यापासून. मग डॉक्टर ओरडायला लागले, मग कॅफेवाला. मी पुण्याला सांगितलं. पुणे म्हणाले, दुपारी गर्दी असते, बघू. मी लाईनमनला बोलावलं. तो टेलिफोन खात्यातला, पन्नाशीचा, सायकलवर शिडी बांधून सकाळी सकाळी आला, खांबापासून खिडकीपर्यंत तारा तपासल्या, म्हणाला, “म्याडम, लाईन येकदम ओके हाय.” दुपारी पुन्हा तेच. मी त्याला फोनवर झाडलं. “तुमचं ओके तुमच्याजवळच ठेवा,” म्हणाले. तो बिचारा “बरं” म्हणाला.

शेवटी साहेबांचा फोन आला. साहेब पुण्यात बसून आठ गावं हाकायचे, म्हणजे उंटावरून शेळ्या. नागापूरचा कारखाना कनेक्शन सोडायला निघाला होता. “दोष कुठे आहे ते मला लेखी पाहिजे. नगरला, पुण्याला, की पुढे. शुक्रवारपर्यंत. ज्याचा दोष निघेल त्याला मी ठेवणार नाही.”

मी घाबरले. माझी नोकरी गेली असती तर राहात्याला परत, आणि परत म्हणजे बस्ता बांधून बोहल्यावर. मी पुण्याला फोन लावला. ते म्हणाले, घाबरू नका, नवीन एक प्रोग्राम आलाय, एमटीआर नावाचा, तुमच्या मशीनवर टाकून देतो. संध्याकाळपर्यंत त्यांनी तिकडून बसून तो टाकला आणि मला समजावलं.

एमटीआर करतो असं. आपण एक दूरचं ठिकाण सांगायचं. तो तिथपर्यंत वाटेत लागणारे सगळे राउटर एकाखाली एक मांडतो आणि प्रत्येकाला दर सेकंदाला एकेक पॅकेट, म्हणजे माहितीची छोटी पुडी, धाडतो. ज्याचं उत्तर आलं नाही ते गळलं. प्रत्येक ओळीपुढे शंभरातले किती गेले, किती परत आले, आणि यायला किती वेळ लागला.

“म्हणजे एसटीचे थांबे,” मी म्हटलं. “नगर, सुपा, शिरूर, पुणे. कुठे पॅसेंजर उतरवून घेतले ते कळणार.”

ते हसले. मी त्यांना हसताना ऐकलं ते तेवढंच. “तसंच काहीसं. पण वाचायची एक रीत आहे. ती उद्या सांगतो. उद्या तुम्ही दुपारी लावा फक्त, शंभराचा एक अहवाल काढा.”

उद्या म्हणजे गुरुवार. गुरुवारी पुणे रजेवर. कोणीतरी फोन उचलला, म्हणालं, त्यांच्या मिसेसला दवाखान्यात नेलंय. मला त्यांना मिसेस आहेत हेच माहीत नव्हतं.

मी दुपारी अडीचला एमटीआर लावला. शंभर पॅकेटं, शंभर सेकंद. प्रिंट काढला. पहिली ओळ माझ्याच खोलीतला राउटर, शून्य टक्के गळती. दुसरी ओळ पुण्याचा राउटर, अठ्ठावन्न. तिसरी बारा, चौथी अकरा, पाचवी तेरा, आणि सहावी म्हणजे शेवटची, जिथे जायचं ते ठिकाण, बारा.

अठ्ठावन्न! मला दुसरं काही दिसलंच नाही. बाकी सगळे आकडे त्या आकड्यापुढे चिल्लर वाटले. दोष सापडला आणि तो नगरचा नव्हता. खोटं कशाला बोलू, जीव भांड्यात पडला. शुक्रवारी सकाळी मी फॅक्स लिहिला, इंग्रजीत, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात. “नगरच्या राउटरवर गळती नाही. पुण्याच्या राउटरवर अठ्ठावन्न टक्के पॅकेटं गळतात.” खाली प्रिंट चिकटवला आणि सही केली: नगर. फॅक्स करकर करत गेला आणि मी खाली जाऊन उसाचा रस प्यायले.

तो पुण्याचा राउटर कोणी बसवला होता, कोण सांभाळत होता, हे मला माहीत नव्हतं का? होतं. पण मनात म्हटलं, राउटरचा दोष म्हणजे माणसाचा थोडाच. ते येतील, बघतील, दुरुस्त करतील.

शुक्रवारी फोन आला नाही. शनिवारीही नाही. सोमवारी दहाला वाजला. मी झडप घालून उचलला.

“पुणे बोलतोय,” एक तरुण आवाज म्हणाला.

“पुणे कुठेयत?” मी विचारलं.

“बोलतोय ना मॅडम.”

“तुम्ही नाही. आधीचे.”

“ते होय? त्यांना काढलं. राउटरमधे काहीतरी घोळ करून ठेवला होता म्हणतात. मी आजच आलो. ऐकलं ते असं, की ते साहेबांना सांगत होते, दोष पुण्याकडे नाही. साहेबांनी फॅक्स पुढे धरला. म्हणाले, नगरनं लिहून दिलंय.” मग तो उत्साहानं म्हणाला, “आज नवीन राउटर बसवतोय, मॅडम. तुमचा प्रॉब्लेम खल्लास!”

मी फोन ठेवला. बायको दवाखान्यात असलेल्या माणसाची नोकरी माझ्या सुंदर अक्षरानं गेली होती. तरी मी स्वतःला समजावलं, खरं तेच तर लिहिलं. आकडे काय मी घडवले?

मंगळवारी दुपारी नव्या राउटरवरून नागापूरची मेल पुन्हा अडकली.

मी एमटीआर लावला. नवा राउटर, तरी त्याच्यापुढे पन्नासच्या वर. तिसरीपासून शेवटपर्यंत पुन्हा बारा, तेरा, बारा. मी खुर्चीत तशीच बसून राहिले. राउटर बदलला, माणूस बदलला, आकडा हलला नाही. मग माझ्या लक्षात आलं की स्क्रीनवर वरती, मशीनमधे शिरताना दर वेळी येणारी एक ओळ आहे, तुमच्यासाठी मेल आहे म्हणून. मी ती वाचतच नव्हते. त्या मशीनवर मला मेल करणार कोण? कंपनीची पत्रकं यायची तेवढी.

उघडली. शुक्रवारी दुपारी चारची मेल. इंग्रजी अक्षरांत मराठी, तेव्हा सगळे तसंच लिहायचे. मला ती अजून जवळजवळ पाठ आहे.

“नगर, एमटीआर वाचायची रीत सांगायची राहिली. गुरुवारी येता आलं नाही, माफ करा. शेवटची ओळ आधी वाचा. शेवटी काही गळत नसेल, तर मधे कितीही आकडा दिसो, काही गळत नाही. राउटरचं पहिलं काम आलेलं पुढे ढकलणं. तुमच्या प्रश्नाला उत्तर देणं हे त्याचं फावल्या वेळचं काम. तो गडबडीत असला की उत्तर देत नाही, पण तुमचं सामान पुढे पाठवतोच. मधल्या एकाच ओळीला मोठा आकडा आणि पुढे लहान, म्हणजे तो नुसता गप्प आहे. शेवटी गळत असेल तर शेवटून वर चढा आणि तोच आकडा कुठपासून सुरू होतो ते बघा. तिथल्या आणि त्याच्या वरच्या ओळीच्या मधे दोष शोधा. आणखी एक. हा प्रोग्राम परत आलेलं मोजतो. न आलेलं जाताना सांडलं की येताना, ते त्याला कळत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांच्या राउटरवर येणाऱ्या बाजूच्या चुकांचे आकडे बघायचे. इथले मी बघितले, स्वच्छ आहेत. तुमचं सगळं मला पोचतं. तुमच्याकडचे तुम्ही बघा. दुपारी बघा. आणि जेवत जा. पुणे.”

मी ती तीनदा वाचली. एकही शब्द रागाचा नाही. फॅक्स त्यांनी पाहिला होता, साहेबांनी तोंडासमोर धरला होता, आणि टेबल आवरायच्या आधी हा माणूस मला वाचायला शिकवत बसला होता! त्यांनी मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. शिव्यांना मला उत्तर देता येतं.

मग मी गुरुवारचा प्रिंट पुढे घेतला आणि खालून वर वाचला. शेवटी बारा, म्हणजे खरंच गळतंय. पाचवीला तेरा, चौथीला अकरा, तिसरीला बारा, एकदोन इकडेतिकडे पण आकडा तोच. दुसऱ्या ओळीला अठ्ठावन्न. अठ्ठावन्न पुण्यात खरोखर सांडले असते, तर पुढे तिसऱ्या ओळीला अठ्ठ्याऐंशी पोचले कसे? एसटीच्या शिरूर स्टॅन्डवर अर्धे पॅसेंजर उतरले आणि पुण्यात गाडी भरलेली, असं कुठे होतं का? स्टॅन्डवरचा कंट्रोलर चहाला गेला होता, त्यानं नोंद केली नव्हती, एवढंच. गाडी भरलेलीच गेली होती. हे माझंच उदाहरण होतं आणि मला ते शेवटपर्यंत नेता आलं नव्हतं.

आणि पहिली ओळ, माझ्या खोलीतली, शून्य. म्हणजे बाराची गळती पहिल्या आणि दुसऱ्या ओळीच्या मधे सुरू होत होती. नगर आणि पुणे, मधे फक्त ती लाईन.

बुधवारी सकाळी मी राउटरवरचे जुने आकडे पुसून शून्यावर आणले आणि बघत बसले. येणाऱ्या बाजूच्या चुका: दहा वाजता शून्य, बारा वाजता शून्य. एकला उकडायला लागलं, मी उठून कूलर लावला आणि पुन्हा बसले. दीड वाजता नऊ. दोन वाजता दोनशेच्या वर. पुण्याच्या त्या पोराला फोन करून त्याच्याकडचे वाचायला लावले. “शून्य, मॅडम. तुमचं सगळं येतंय मला.”

तर असं होतं ते. माझं पुण्याला सगळं पोचत होतं. पुण्याचं उत्तर निघत होतं, सगळी वाट चालून येत होतं आणि माझ्या दारात पडून मरत होतं.

लाईनमनला बोलावलं. या वेळी गोड बोलून, आणि दुपारीच या म्हणून. तो अडीचला आला, घामाघूम. खांबावर चढला, उतरला, खोलीत आला, खिडकीपाशी वाकला आणि तिथेच थांबला.

“म्याडम, ह्यो कूलर कधी बसवला?”

“एप्रिलात. का?”

“हितं तर पानी गळतंय की! बघा. चार तारा हायेत लाईनीच्या. दोन जायच्या, दोन यायच्या. जायच्या वर हायेत, त्या कोरड्या. यायच्या दोघींचा जोड पार भिजलाय. सकाळी कोरडा व्हतो. म्हनून मला ओके घावलं.” मग त्यानं टेप उकलली आणि कपाळाला आठ्या घातल्या. “पर ह्यो जोड आमचा न्हाई. ह्यो कुनी केला?”

मी केला होता. कूलर खिडकीत बसेना म्हणून तारांची डबी मी स्वतः भिंतीवरून काढून खाली सरकवली होती, तारा अपुऱ्या पडल्या तेव्हा तुकडा जोडून वरून इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. हुशार ना मी, डिप्लोमा! नगरात पाणी दिवसाआड, मी खालून बादल्या आणून तो कूलर भरायचे, आणि ते पाणी थेंब थेंब करून त्याच जोडावर ओतायचे. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही म्हण मी इतरांना किती वेळा ऐकवली असेन.

“मीच,” मी म्हणाले.

लाईनमननं माझ्याकडे बघितलं. मी त्याला काय काय बोलले होते ते त्याला आठवत असणार. तो एवढंच म्हणाला, “व्हतं आसं. गर्मीच लई हाय.” त्यानं जोड कापला, नवीन अखंड तार ओढली, डबी वर भिंतीला ठोकली. पाणी दिलं तर प्यायला, चहाला थांबला नाही.

मी दुसरा फॅक्स लिहिला. दोष पुण्याचा नव्हता. दोष नगरच्या खोलीतला होता, जोड मी केला होता, अहवाल मी चुकीचा वाचला होता. पुण्याच्या आधीच्या माणसाला परत घ्यावं, आणि ज्याचा दोष त्याला ठेवणार नाही हे आपलं म्हणणं मला मान्य आहे.

तासाभरात साहेबांचा फोन. “लाईन चालू झाली ना?”

“हो. पण सर, त्यांना...”

“कारखाना आपल्याकडेच राहिला. विषय संपला. त्या जागेवर माणूस भरलाय.”

“मग मला काढा.”

“नगरला दुसरं कोण येऊन बसणार आहे? कामं करा,” म्हणाले. मी पत्ता मागितला. म्हणाले, ऑफिसात नसलेल्या माणसाचे पत्ते ऑफिस देत नाही. मी नाव मागितलं. “तुम्हाला नाव माहीत नाही?” त्यांनी विचारलं, आणि त्या आवाजात पहिल्यांदा काहीतरी होतं, कीव म्हणा. मग कोणीतरी केबिनमधे आलं असावं, फोन बंद झाला. पुन्हा लावला तर साहेब मीटिंगला गेले होते. त्यानंतर माझ्याकडून आलेला त्या विषयावरचा फोन त्यांनी घेतला नाही.

दीड वर्षात मी त्यांना एकदाही नाव विचारलं नव्हतं. जेवलात का, हेसुद्धा उलट कधी विचारलं नव्हतं. बायको आहे का, मुलं आहेत का, खोकल्याला काही घेता का, काही नाही. मी फक्त माझी विचारपूस व्हायची वाट बघत बसले होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलर बंद ठेवून मी त्यांच्या मेलला उत्तर लिहायला बसले. मला लिहिता येत नाही, तरी लिहिलं. फॅक्स मी घाबरून लिहिला. सुटल्याचा मला आनंद झाला होता, मी रस प्यायले होते, तेसुद्धा लिहिलं. तुमच्या मिसेस कशा आहेत. तुम्ही जेवता का वेळेवर. तुमच्यामुळे मला या गावात दिवस काढता आले. माफ करा. खाली ‘नगर’ लिहिलं, ते खोडलं, आणि माझं खरं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. पाठवायच्या आधी लाईन बघायला एमटीआर लावला. शेवटची ओळ आधी वाचली. शून्य. मधे पुण्याचा राउटर त्याच्या सवयीनं गप्प होता, पन्नासच्या वर. बाकी सगळीकडे शून्य. अडीच वाजता, भर उन्हात, शंभरातले शंभर.

मेल पाठवली. सांडण्यासारखं आता वाटेत काही नव्हतं.

पाचच मिनिटांत उत्तर आलं. उघडलं.

“मॅडम, ही मेल माझ्यासाठी नसावी. मी सोमवारीच आलोय. खातं तेच आहे म्हणून मला आली. आधीच्यांचं नाव इथे कोणालाच नीट माहीत नाही, सगळे त्यांना पुणेच म्हणायचे. सॉरी. पुणे.”